खातं बंद करताना निम्मे ग्राहक 'महाग' म्हणतात. बिलाच्या नोंदींशी ताडून खरं कारण कसं काढायचं?

मुक्ता_सांगली

नमस्कार मंडळी. आमची कंपनी लहान आहे. कोचिंग क्लासेससाठी हजेरी, फी आणि पालकांना निरोप एवढं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो. दर महिना ७९९ रुपये अधिक जीएसटी, आणि नव्या ग्राहकाला पहिले सहा महिने ४९९. बहुतेकांचे पैसे यूपीआय ऑटोपेने आपोआप कापले जातात, काहींचे कार्डावरून.

फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत २१४ खाती बंद झाली. बंद करताना आम्ही एकच प्रश्न विचारतो, 'का सोडताय?' त्याला पाच पर्याय आहेत आणि खाली लिहायला मोकळी जागा. १३१ जणांनी उत्तर दिलं. त्यात 'महाग वाटतं' ७४, 'हवी ती सोय नाही' २२, 'वापर होत नाही' १४, 'दुसरं सॉफ्टवेअर घेतलं' ११, 'इतर' १०.

मालकांनी हा आकडा बघितला आणि जूनपासून सगळ्यांना ५९९ करू म्हणाले. मला ते पटत नाहीये, कारण ग्राहकांचे फोन मी घेते आणि फोनवर पैशाची तक्रार इतकी ऐकू येत नाही. पण 'मला तसं वाटतं' म्हणून मालक ऐकणार नाहीत. माझ्याकडे सर्वेक्षणाची उत्तरं आहेत, बिलांच्या सगळ्या नोंदी आहेत आणि कोणी किती वेळा सॉफ्टवेअर उघडलं तेही आहे. हे तिन्ही शेजारी ठेवून, खरोखर पैशामुळे कोण गेलं आणि सॉफ्टवेअर उपयोगी पडलं नाही म्हणून कोण गेलं, हे वेगळं करता येईल का? कोणी असं केलं असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगा.

रोखठोक_७

सर्वेक्षण बाजूला ठेवा. सोडून जाणारा माणूस खरं कारण सांगत बसत नाही, त्याला लवकर बाहेर पडायचं असतं. 'महाग' म्हटलं की पुढे कोणी वाद घालत नाही, म्हणून सगळे तेच निवडतात. फक्त बिल बघा. बिल वाढलं आणि गेला तर किंमत, बिल तेवढंच असताना गेला तर सॉफ्टवेअर. दोन ओळींचं काम आहे.

जमाखर्च

मुक्ताताई, मी बरीच वर्षं मासिक वर्गणीच्या धंद्यात बिलांच्या नोंदींवर काम करतोय. रोखठोक म्हणतात त्यात तथ्य आहे, पण 'बिल वाढलं' हे कशावरून ठरवायचं इथेच पहिला खड्डा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

आधी २१४ हा आकडाच उघडून बघा. उत्तर न देणारे ८३ आहेत. त्यातल्या किती जणांना तो प्रश्न मुळात दिसला? ज्यांचे पैसे कापलेच गेले नाहीत आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर तुमच्या यंत्रणेने खातं थांबवलं, त्यांनी रद्दचं बटण दाबलेलंच नसतं. रेझरपे वापरत असाल तर अशी खाती आधी `pending` आणि मग `halted` दिसतात. स्वतः रद्द केलेली `cancelled` असतात. ही दोन्ही एका यादीत आली की 'इतक्या लोकांनी उत्तर द्यायचं टाळलं' असा गैरसमज होतो.

आता तो खड्डा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, आणि तीत रक्कम असते. तुमचा ग्राहक सहा महिने ४९९ वर आहे. सातव्या महिन्यात त्याच्या फोनवर जीएसटी धरून ९४२.८२ रुपयांची सूचना येते, आधी ५८८.८२ जात होते. तो त्याच संध्याकाळी खातं बंद करतो आणि 'महाग' निवडतो. तुमच्या नोंदीत त्याने भरलेलं शेवटचं बिल किती? ४९९. त्याच्या आधीचं? तेही ४९९. भरलेली बिलं तेवढीच ताडली तर हा माणूस 'बिल वाढलं नाही' या ढिगात पडतो आणि तुम्ही त्याला सॉफ्टवेअरची तक्रार म्हणून मोजता. प्रत्यक्षात तो सगळ्यात सरळ पैशाचा ग्राहक आहे.

म्हणून प्रत्येक उत्तरासमोर शेवटी भरलेली रक्कम आणि पुढे येऊ घातलेली रक्कम, दोन्ही हव्यात. पोस्टग्रेसमध्ये साधारण असं:

```sql
SELECT s.customer_id, s.answer,
       p.amount AS last_paid, n.amount AS next_due
FROM survey s
LEFT JOIN LATERAL (
  SELECT amount FROM invoices
  WHERE customer_id = s.customer_id AND status = 'paid'
    AND paid_at <= s.answered_at
  ORDER BY paid_at DESC LIMIT 1) p ON true
LEFT JOIN LATERAL (
  SELECT amount FROM schedule
  WHERE customer_id = s.customer_id
    AND due_at > s.answered_at
  ORDER BY due_at LIMIT 1) n ON true;
```

पुष्कळ यंत्रणा खातं रद्द झालं की पुढच्या बिलाची ओळ पुसून टाकतात. मग `next_due` रिकामं येतं. तसं झालं तर खातं सुरू झाल्याच्या तारखेत सहा महिने मिळवा आणि ती रक्कम स्वतः काढा. जे ७९९ एकदा भरून मग गेले, त्यांच्यासाठी शेवटच्या दोन भरलेल्या बिलांची तुलना वेगळी करा. आणि वेळेचं बघा. पैशाच्या बाजूच्या नोंदी बहुधा जागतिक वेळेत असतात आणि सर्वेक्षण आपल्या वेळेत. साडेपाच तासांच्या फरकाने 'सूचनेआधी गेला' हे 'सूचनेनंतर गेला' होतं.

एवढं झालं की आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

नंदू_पेण

माझाही हाच त्रास आहे. व्यायामशाळेच्या ॲपचे दर महिन्याला पैसे जातात आणि ॲपमध्ये रद्द करायचं बटणच सापडत नाही. कोणी सांगेल का?

शलाका

नंदूभाऊ, हा धागा कंपनीच्या बाजूने आहे, पण तुमचं काम सोपं आहे. ज्या यूपीआय ॲपमधून परवानगी दिलीत, त्यातच ऑटोपे किंवा मॅन्डेट असा भाग असतो. तिथे त्या व्यायामशाळेचा मॅन्डेट काढून टाका. पुढचे पैसे जाणार नाहीत.

मुक्ता, मी सर्वेक्षणाची कामं करते, म्हणून प्रश्नाबद्दल विचारते. तुमच्या यादीत 'महाग वाटतं' कितव्या नंबरवर आहे? सगळ्यांना त्याच क्रमाने दिसतं का? फोनच्या लहान पडद्यावर पहिल्या पर्यायाला जास्तीची मतं पडतात. पर्यायांचा क्रम दर वेळी बदलता ठेवा, 'इतर' तेवढं शेवटी. जुनी उत्तरं त्यामुळे सुधारणार नाहीत, पण पुढची तरी वाचता येतील.

आणि रोखठोक, उत्तरं टाकून देऊ नका. बिल सांगतं की माणूस कधी उठला. तो काय शोधत होता ते मोकळ्या जागेत लिहिलेल्या दोन शब्दांतच मिळतं.

जमाखर्च

नंदूभाऊंच्या प्रश्नाने एक महत्त्वाची गोष्ट समोर आणली. मुक्ताताई, तुमचेही काही ग्राहक नेमकं हेच करत असणार, यूपीआय ॲपमध्ये जाऊन मॅन्डेट काढणं. त्यांना तुमचा प्रश्न कधीच दिसत नाही. तुमच्याकडे ते 'पैसे कापले गेले नाहीत' म्हणून येतात, पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. पैसे न कापले जाण्याचं कारण नोंदीत असतं. खात्यात पैसे कमी, कार्डाची मुदत संपली, आणि मॅन्डेट ग्राहकाने रद्द केला, हे वेगवेगळे करा.

मुक्ता_सांगली

दोन दिवस बसून काढलं. 'महाग वाटतं' आमच्या यादीत पहिलंच आहे आणि क्रम सगळ्यांना तोच. आजपासून बदलला.

उत्तर न देणाऱ्या ८३ पैकी ४७ जणांचे पैसे कापले गेले नव्हते. त्यात ३१ जणांच्या खात्यात पैसे नव्हते किंवा कार्ड संपलं होतं. १६ जणांनी मॅन्डेट स्वतः काढला होता, आणि त्यातल्या १० जणांनी तो काढला ७९९ ची सूचना आल्यानंतर. म्हणजे प्रश्न बघूनही उत्तर न देणारे फक्त ३६.

'महाग' म्हणणारे ७४. नुसती भरलेली बिलं ताडली तर बिल वाढलेले ११ निघतात. येणारी रक्कम धरली तर २९. त्यात २६ जणांचे ४९९ चे सहा महिने संपत होते, ३ जणांनी दुसरी शाखा जोडली होती. उरलेल्या ४५ जणांचं बिल वर्षभर जिथल्या तिथे आहे.

आणखी एक दिसलं. 'हवी ती सोय नाही' म्हणणाऱ्या २२ पैकी ९ जणही ४९९ संपतानाच गेलेत. त्यातल्या एकाने लिहिलंय, 'पालकांना व्हॉट्सअॅपवर पावती जात नाही, मग आठशे कशाचे.' हे मी कोणत्या ढिगात टाकू?

रोखठोक_७

हेच मी म्हणत होतो. २९ किंमतवाले, ४५ सॉफ्टवेअरवाले. आणि 'सोय नाही'वाले ते ९ जण किंमतीत टाका, कारण बिल वाढलं नसतं तर ते बसलेच असते.

क्लासवाले_सर_लातूर

मी तुमचं सॉफ्टवेअर वापरत नाही, दुसरं वापरतो, पण क्लास चालवतो म्हणून लिहितो. मुक्ताताई, तुम्ही महिने कोणते घेतलेत बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. आठवी ते दहावीच्या क्लासला एप्रिल-मेमध्ये कुलूप असतं. पोरं नाहीत, फी येत नाही, जागेचं भाडं मात्र चालू. अशा वेळी महिन्याला साडेनऊशे रुपये जाताना दिसले की कोणीही महागच म्हणणार. मीही दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बंद केलं होतं आणि जूनमध्ये परत घेतलं. सॉफ्टवेअर चांगलं होतं, किंमतही ठीक होती. रिकाम्या वर्गाचे पैसे भरायचे नव्हते.

पण सगळे क्लास असे नसतात. आमच्याकडे लातूरला नीटचे क्लास आहेत, त्यांची परीक्षा मे महिन्यात. त्यांना मार्च-एप्रिलमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. ते एप्रिलमध्ये सोडून गेले तर कारण दुसरंच शोधा.

आणि जीएसटीचं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेला क्लास नोंदणी करत नाही. त्याला तुम्ही लावलेला १८ टक्के कर परत मिळत नाही. तुम्ही ७९९ म्हणता, त्याच्या खिशातून ९४२.८२ जातात. मोठ्या क्लासला तोच कर वळता करून घेता येतो. एकाच दराच्या दोन किंमती झाल्या ना?

जमाखर्च

सर, तुमची पोस्ट सोन्यासारखी आहे. मुक्ताताई, क्लासचा प्रकार तुमच्या बॅचच्या नावांतून कळेल, आणि जीएसटी क्रमांक बिलावर असतो. दोन्ही रकाने जोडा.

रोखठोक, तुमच्या वाटणीत दोन अडचणी आहेत. एक, २९ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या तीन महिन्यांत ४९९ चे सहा महिने एकूण किती जणांचे संपले, आणि त्यातले किती राहिले, हे कळल्याशिवाय बिल वाढल्याने लोक गेले असं म्हणता येत नाही. गेलेल्यांचीच यादी बघत राहिलो तर प्रत्येक गोष्ट कारण वाटायला लागते. राहिलेल्यांची यादी शेजारी हवी.

दोन, 'सोय नाही'वाले ९ जण. मी अशांना एका ढिगात टाकत नाही, समोर दोन रकाने करतो. 'काय नव्हतं' यात त्याला हवी असलेली सोय, जशी व्हॉट्सअॅपची पावती, आणि 'कशाने उठला' यात बिल वाढलं. या लोकांनी ती सोय नसतानाही सहा महिने ४९९ भरलेत. म्हणजे त्यांच्या लेखी हे सॉफ्टवेअर आहे तसं ४९९ चं आहे, ७९९ चं नाही. दर उतरवला तरी ते राहतील आणि ती सोय दिली तरी राहतील. यातलं स्वस्त काय पडतं ते कंपनीने ठरवायचं. त्यांना जबरदस्तीने किंमतीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये कोंबलंत तर तो निवड करायचा पर्यायच हातातून जातो.

विदुला_डब्लिन

मी इथे स्ट्राइपवर काम करते. तिथे रद्द करताना ग्राहकाने निवडलेलं कारण सबस्क्रिप्शनच्या नोंदीतच `cancellation_details` मध्ये बसतं. `feedback` मध्ये `too_expensive`, `missing_features`, `unused` अशी ठरलेली नावं आणि `comment` मध्ये त्याने लिहिलेलं. शिवाय `reason` वेगळं असतं, त्यावरून स्वतः रद्द केलं की पैसे न आल्याने बंद झालं ते कळतं. त्यामुळे इमेलवरून दोन याद्या जुळवायची वेळ येत नाही.

ज्यांच्याकडे सर्वेक्षण वेगळ्या फॉर्मवर आहे त्यांनी फॉर्मच्या दुव्यातच ग्राहक क्रमांक लपवून पाठवावा. आमच्याकडे आधी इमेलवर जुळवणी व्हायची. बिल संस्थेच्या पत्त्यावर आणि उत्तर कारकुनाच्या पत्त्यावरून, त्यामुळे बऱ्याच ओळी जुळायच्याच नाहीत. आणि न जुळणाऱ्यांत मोठे ग्राहक जास्त असायचे, म्हणजे गळती एका बाजूला झुकलेली.

मुक्ता_सांगली

विदुलाताई, आमचा फॉर्म ॲपमध्येच आहे, ग्राहक क्रमांक सोबत येतो. तेवढं सुख आहे.

राहिलेल्यांची यादी काढली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ११८ जणांचे ४९९ चे महिने संपले. त्यातले ३८ सूचनेपासून महिन्याभरात गेले. २६ 'महाग' म्हणून, ९ 'सोय नाही' म्हणून, ३ काही न सांगता. मॅन्डेट काढणारे १० यात धरलेले नाहीत. आधीपासून ७९९ वर असलेले साधारण ६४० आहेत, त्यातले महिन्याला सरासरी २६ जातात. म्हणजे एकीकडे शंभरात ३२ आणि दुसरीकडे शंभरात ४.

बिल न वाढलेले ४५ मी वापराप्रमाणे लावले. २७ जण मार्चपर्यंत रोज हजेरी घेत होते आणि परीक्षा सुरू झाल्यावर थांबले. त्यातले २४ आठवी ते दहावीवाले. सर, तुमचं बरोबर निघालं. उरलेल्या १८ जणांचा वापर दिवाळीपासूनच मंदावला होता.

त्या २७ जणांचा माग मागच्या वर्षीच्या यादीवरून काढला. मागच्या वर्षी याच महिन्यांत, बिल न वाढता 'महाग' म्हणून गेलेले ३१ होते. त्यातले १२ जुलैपर्यंत परत आले. ग्राहक क्रमांकावर ५ च सापडत होते. मोबाइल नंबरावर जुळवल्यावर आणखी ७ निघाले, नवं खातं उघडून पुन्हा ४९९ घेतलेले. नंबर आधी सारखे करावे लागले, कोणी +९१ लावलेला, कोणी सुरुवातीला शून्य, कोणी मध्ये जागा सोडलेली.

रोखठोक_७

३२ विरुद्ध ४. मग आता वाद कशाला? उडी मोठी आहे, लोक उडीवर पडतायत.

शलाका

थोडं थांबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांचे सहा महिने संपले ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलेले. त्यांच्या बाबतीत बिल वाढणं आणि परीक्षा दोन्ही एकाच वेळी आलं. ३२ मधला किती भाग मोसमाचा आणि किती बिलाचा? आणि नवा ग्राहक मुळातच जुन्यापेक्षा जास्त गळतो, बिल तेवढंच राहिलं तरी. ७९९ वरच्या ६४० मध्ये तीन-तीन वर्षांचे लोक असतील, त्यांच्याशी तुलना थोडी अन्यायाची आहे.

ज्यांचे सहा महिने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपले त्यांच्यावर बघा. तेव्हा क्लास जोरात असतात.

आणि त्या १८ जणांना फोन करा. 'का सोडलं' विचारू नका, ते पुन्हा महागच म्हणतील. 'शेवटचं उघडलंत तेव्हा काय करायचं होतं, ते झालं का?' असं विचारा.

जमाखर्च

शलाकाताईंचं मान्य. माझा आणखी एक प्रश्न. रद्द करायला गेल्यावर तुम्ही काही सूट दाखवता का?

मुक्ता_सांगली

हो. 'महाग' निवडलं की तीन महिने ३० टक्के कमी असं येतं. ज्यांनी ते घेतलं ते रद्दच्या यादीत येत नाहीत.

जमाखर्च

मग तुमचे ७४ हे सूट नाकारून गेलेले 'महाग'वाले आहेत. हे फार मोठं आहे. ज्याला खरोखर पैशाचीच अडचण होती, त्याला ३० टक्के कमी झाल्यावर राहायला हवं होतं, आणि असे काही राहिलेही असतील. म्हणजे तुमच्या यादीतून पैशाची खरी तक्रार असलेले थोडे आधीच गाळले गेलेत.

सूट घेतलेल्यांची यादी काढा आणि तीन महिने संपल्यावर त्यांचं काय झालं ते बघा. सवलतीच्या काळात वापर चालू होता आणि सूट संपल्यावर गेला, तर किंमत. सवलतीच्या काळातही उघडलंच नाही, तर त्याने स्वस्तात मिळतंय म्हणून 'हो' दाबलं होतं, किंमत हे कारण नव्हतं. मला सर्वेक्षणाच्या कुठल्याही उत्तरापेक्षा या यादीवर जास्त भरवसा वाटतो, कारण इथे माणसाने पैसे भरून उत्तर दिलंय.

मुक्ता_सांगली

काढली. नोव्हेंबर ते जानेवारीत १९ जणांनी सूट घेतली. ७ अजून आहेत आणि पूर्ण दर भरतायत. १२ जण सूट संपल्यावर गेले. त्या १२ पैकी ९ जणांनी सवलतीच्या तीन महिन्यांत हजेरीसुद्धा घेतली नव्हती. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यातल्या बहुतेकांनी 'वापर होत नाही' निवडलंय. तेच लोक, तीन महिन्यांपूर्वी 'महाग' म्हणणारे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४९९ संपलेले फक्त ३४ निघाले. त्यातले ७ गेले. म्हणजे शंभरात २० च्या आसपास. ३२ पेक्षा कमी, ४ पेक्षा खूप जास्त. पण ३४ मधले ७ यावर मी किती विसंबू?

फोनही केले. १८ पैकी ८ जणांना लावले, सहा जणांनी उचलले. शलाकाताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. चौघांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. पालक फी तीन-चार हप्त्यांत देतात, दोन भावंडं असली की थोडी सूट असते, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण फी एकदम भरल्याचीच पावती निघते. इस्लामपूरच्या एका बाईंनी सांगितलं की त्या हप्त्यांसाठी शेजारी वही ठेवायच्या, आणि दिवाळीनंतर वहीच राहिली. त्यांना विचारलं, मग 'हवी ती सोय नाही' का नाही निवडलं? म्हणाल्या, 'सोय असेल, मलाच येत नसेल असं वाटलं.'

क्लासवाले_सर_लातूर

हप्त्याशिवाय क्लासची फीच नसते हो. हे बघून घ्यायला हवं होतं कंपनीने.

शलाका

त्या बाईंचं वाक्य मालकांना जसंच्या तसं दाखवा. 'सोय नाही' हे निवडायला ग्राहकाला तुमच्या सॉफ्टवेअरची पक्की माहिती लागते. 'महाग' निवडायला काहीच लागत नाही. पर्यायात 'मला जे करायचं होतं ते जमलं नाही' असं एक वाक्य घाला, बघा किती जण तिकडे सरकतात.

३४ मधल्या ७ वर फार विसंबू नका. एवढ्या लहान गटात आणखी तीन-चार जण इकडचे तिकडे झाले की टक्केवारी पार बदलते. 'बिलाच्या उडीने लोक जातात, मोसम त्यात भर घालतो, किती ते सांगता येत नाही' इथपर्यंतच जाता येईल.

जमाखर्च

मालकांसाठी हिशोब सोपा आहे. ५९९ सगळ्यांना केलं तर ६४० जुन्या ग्राहकांमागे महिन्याला २०० रुपये जातात, म्हणजे १ लाख २८ हजार. ते भरून काढायला ५९९ वर दोनशेच्या वर जास्तीची खाती लागतील. तुमच्या यादीत बिल वाढल्यामुळे गेलेले 'महाग'वाले २९, 'सोय नाही'वाले ९ आणि मॅन्डेट काढणारे १० मिळवले तरी पन्नासही होत नाहीत, आणि तेही तीन महिन्यांत. उरलेल्या ४५ जणांना तर दर उतरवून काहीच मिळत नाही. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना दोन महिने थांबायचंय आणि बाकीच्यांना हप्त्याची पावती हवीय.

उडीचं काय करायचं ते करून बघता येईल. जूनपासून ज्यांचे सहा महिने संपतील, त्यातल्या सम ग्राहक क्रमांकांना तीन महिने ६४९ ठेवा आणि मग ७९९. विषमांना आहे तसं. महिन्याला चाळीसच्या आसपास लोक असतील, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबावं लागेल, आणि फरक मोठा असला तरच दिसेल.

रोखठोक_७

पण ६४९ वर राहिलेले तीन महिन्यांनी पुन्हा ७९९ ची सूचना बघून गेले तर? नुसती तारीख पुढे ढकलली असं होईल.

जमाखर्च

होऊ शकतं. म्हणून मोजणी ७९९ च्या पहिल्या बिलाच्या तारखेनंतर एक महिन्याने करायची, ६४९ वर असताना नाही.

मुक्ता_सांगली

काल मालकांशी बसले. ५९९ तूर्त मागे पडलं. हप्त्याच्या पावतीचं काम सुरू होतंय. सम-विषमचं त्यांना पटलं, पण जुन्या ग्राहकाने विचारलं तर काय सांगायचं याची त्यांना धास्ती आहे.

एप्रिल-मेसाठी खातं थांबवायची सोय द्यायची असंही बोलणं झालं, पुढच्या मार्चच्या आत. त्यात एक अडलंय. थांबवलेलं खातं मी कशात मोजू? चालू म्हटलं तर एप्रिलची गळती एकदम सुधारलेली दिसेल. बंद म्हटलं तर सोय देऊन काय मिळवलं ते दिसणार नाही.

क्लासवाले_सर_लातूर

थांबवल्यावर मुलांची जुनी हजेरी आणि फीच्या नोंदी बघायला मिळणार का? मे महिन्यात पालक दाखल्यासाठी येतात तेव्हा त्या लागतात. ते नसेल तर लोक थांबवणार नाहीत, सरळ बंद करतील.

जमाखर्च

सरांचं आधी लिहून घ्या. मोजणीसाठी 'थांबलेले' हा तिसरा रकाना करा, चालूतही नाही आणि बंदमध्येही नाही. ३१ जुलैला जे परत पैसे भरू लागले ते चालू, बाकीचे ज्या महिन्यात थांबले त्या महिन्याचे बंद. म्हणजे एप्रिलचा आकडा ऑगस्टमध्ये बदलेल. मालकांना ते आवडणार नाही. आमच्याकडेही दर वर्षी यावर वाद होतो.

मुक्ता_सांगली

जुन्या नोंदी बघता याव्यात हे मी लिहून दिलंय, सर. जुलैची तारीख मात्र नीटच्या क्लासला चालणार नाही ना? त्यांचं नवं वर्ष कधी धरायचं?

क्लासवाले_सर_लातूर

नीटचा निकाल लागला की दुसऱ्यांदा बसणाऱ्यांच्या बॅचा सुरू होतात, आणि अकरावीच्या प्रवेशांवर बाकीच्या. दर वर्षी तारीख पुढेमागे होते. एक तारीख धरून चालणार नाही, आमच्याकडच्या दोन-तीन क्लासवाल्यांशी बोलून सांगतो.